समीकरणामागील वाक्य : भौतिकशास्त्राच्या अहवालातील सिद्धांत विभागाचे लेखन

भौतिकशास्त्राच्या प्रयोग-अहवालात उद्दिष्ट, साहित्य, सिद्धांत, कृती, निरीक्षणे, आकडेमोड आणि निष्कर्ष असा क्रम सर्वत्र रूढ आहे. यांपैकी कृती आणि निरीक्षणे विद्यार्थ्याने स्वतः केलेली असल्याने ती बहुधा व्यवस्थित लिहिली जातात. सिद्धांताचा विभाग मात्र पुष्कळदा पाठ्यपुस्तकातून उतरवलेल्या एका सूत्रापुरता उरतो. सूत्राखाली 'येथे η म्हणजे श्यानता, r म्हणजे त्रिज्या' अशी एक ओळ येते आणि लेखक थेट निरीक्षणांच्या तक्त्याकडे वळतो. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न याच ठिकाणी विचारला जातो : 'ही त्रिज्या कशाची? गोळीची की नळकांड्याची?'

सिद्धांत विभागाचे काम नेमके काय, ते कसे साधावे आणि ते न साधल्यास उत्तरात कोणता दोष शिरतो, हे एकाच प्रयोगाच्या आधारे पाहता येईल. त्यासाठी चिकट द्रवात पडणाऱ्या गोळीच्या अंतिम वेगावरून द्रवाची श्यानता काढण्याचा प्रयोग येथे घेतला आहे. अकरावीच्या प्रात्यक्षिकापासून पदवीच्या प्रयोगशाळेपर्यंत तो केला जातो. नागरी सेवा मुख्य परीक्षेच्या भौतिकशास्त्र या वैकल्पिक विषयाच्या अभ्यासक्रमातही स्टोक्सच्या नियमाचा समावेश आहे.

सूत्र आणि सिद्धांत यांतील फरक

या प्रयोगाचे अंतिम सूत्र असे आहे :

η = 2r²(ρ − σ)g / 9v

एवढे लिहिल्याने आकडेमोड करता येते, पण सिद्धांत लिहिला असे होत नाही. या सूत्रात कोणत्या बलांचा समतोल गृहीत धरला आहे, v हा वेग कोणत्या क्षणाचा आहे आणि हे सूत्र कोणत्या परिस्थितीत लागू पडणार नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. सिद्धांत विभाग वाचून झाल्यावर, प्रयोग न पाहिलेल्या वाचकालाही तीन गोष्टी कळल्या पाहिजेत : निसर्गातील कोणत्या नियमावर प्रयोग उभा आहे, त्या नियमापासून मोजता येणाऱ्या राशींपर्यंत कसे पोहोचलो आणि हा मार्ग कोठवर विश्वासार्ह आहे.

समीकरणाआधी वाक्य

उत्तम सिद्धांत विभागात समीकरणाच्या आधी एक वाक्य येते आणि समीकरण त्या वाक्याचे संक्षिप्त रूप असते. आपल्या प्रयोगातील ते वाक्य असे : 'स्थिर वेगाने खाली जाणाऱ्या गोळीवर खालच्या दिशेने तिचे वजन कार्य करते; वरच्या दिशेने द्रवाचे उत्प्लावक बल आणि द्रवाच्या श्यानतेमुळे निर्माण होणारे अवरोधक बल कार्य करते; वेग बदलत नसल्याने वरच्या दिशेच्या दोन्ही बलांची बेरीज वजनाइतकी असते.' हे वाक्य लिहून झाले की पुढील ओळ आपोआप समजते :

(4/3)πr³ρg = (4/3)πr³σg + 6πηrv

डावीकडील पद म्हणजे गोळीचे वजन. गोळीचे आकारमान, तिची घनता आणि गुरुत्व त्वरण यांचा तो गुणाकार आहे. उजवीकडील पहिले पद म्हणजे गोळीने बाजूला सारलेल्या द्रवाचे वजन, अर्थात आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार मिळणारे उत्प्लावक बल. दुसरे पद म्हणजे स्टोक्सच्या नियमाने मिळणारे अवरोधक बल.

या दुसऱ्या पदाविषयी अहवालात एक प्रामाणिक खुलासा असावा. बल हे η, r आणि v यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, एवढे मितीय विश्लेषणातून दाखवता येते. परंतु 6π हा अंक त्यातून मिळत नाही. सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या, लंबकाच्या गतीवर द्रायूच्या अंतर्गत घर्षणाचा काय परिणाम होतो याविषयीच्या निबंधात, मंद गतीने वाहणाऱ्या द्रायूची समीकरणे सोडवून तो मिळवला. त्या 6π पैकी 4π इतका वाटा गोळीच्या पृष्ठभागावरील स्पर्शीय घर्षणाचा असतो, तर 2π इतका वाटा पुढील आणि मागील बाजूंच्या दाबांतील फरकाचा असतो. विद्यार्थ्याने ती सोडवणूक अहवालात द्यावी अशी अपेक्षा नसते. 'हा गुणांक स्टोक्सच्या सोडवणुकीतून घेतला आहे, येथे सिद्ध केलेला नाही' असे एक वाक्य पुरेसे होते. आपण काय सिद्ध केले आणि काय स्वीकारले याची सीमारेषा त्यामुळे स्पष्ट होते.

यानंतर दोन्ही बाजूंतील समान घटक काढून टाकल्यास आरंभी दिलेले सूत्र मिळते. त्या सूत्राचेही शब्दांत वाचन करावे. वेगासाठी मांडल्यास ते v = 2r²(ρ − σ)g / 9η असे होते. म्हणजेच गोळी आणि द्रव यांच्या घनतांतील फरक जितका अधिक तितका अंतिम वेग अधिक, द्रव जितका चिकट तितका वेग कमी, आणि त्रिज्या दुप्पट केल्यास वेग चौपट. वर्ग का येतो हेही सांगता येते : गोळीला खाली ओढणारे निव्वळ बल त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते, अवरोधक बल मात्र त्रिज्येच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात वाढते; त्यांच्या भागाकारात वर्ग उरतो. समीकरण 'शब्दांत समजावणे' ते हेच. 'इटा बरोबर दोन आर वर्ग...' अशी चिन्हांची उच्चारलेली यादी म्हणजे स्पष्टीकरण नव्हे.

चिन्हाचे नाव आणि चिन्हाची व्याख्या

'v म्हणजे वेग' हे चिन्हाचे नाव झाले, व्याख्या नव्हे. व्याख्येत तीन गोष्टी असाव्या लागतात : ती राशी कोणती, ती कशाची आणि कोणत्या स्थितीतील, आणि ती कोणत्या एककात व कोठून मिळाली. या तीन प्रश्नांच्या चाळणीतून आपल्या सूत्रातील प्रत्येक चिन्ह गाळून पाहू.

r ही पोलादी गोळीची त्रिज्या आहे, मीटरमध्ये. ती थेट मोजली जात नाही. मायक्रोमीटर स्क्रूगेजने गोळीचा व्यास मोजून त्याचे निम्मे केले जाते. हे वाक्य सिद्धांतात नसेल तर आकडेमोडीत व्यासच r म्हणून ठेवला जाण्याची शक्यता असते आणि r चा वर्ग असल्याने श्यानता चौपट येते. काचेच्या नळकांड्याची आतील त्रिज्या लागत असल्यास तिला R हे वेगळे चिन्ह द्यावे आणि दोन्ही चिन्हे एकाच परिच्छेदात स्पष्ट करावीत.

ρ ही गोळीच्या पदार्थाची घनता आणि σ ही द्रवाची घनता, दोन्ही किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये. काही पुस्तकांत ही चिन्हे नेमकी उलट वापरलेली आढळतात. एका पुस्तकातून सूत्र आणि दुसऱ्यातून चिन्हांचा अर्थ घेतल्यास (ρ − σ) ऋण येते. वाचन मात्र लगेच सावध करते : गोळी द्रवापेक्षा हलकी असेल तर v ऋण, म्हणजे गोळी वर येते. आपली गोळी खाली जात असेल आणि उत्तर ऋण असेल तर चिन्हांची अदलाबदल झाली आहे.

v हा गोळीचा अंतिम वेग आहे, म्हणजे बलांचा समतोल झाल्यानंतरचा स्थिर वेग, मीटर प्रति सेकंदमध्ये. तो नळकांड्यावरील दोन खुणांमधील अंतर L भागिले ते पार करण्यास लागलेला काळ t असा मिळतो. 'अंतिम' हा शब्द गाळला तर पृष्ठभागापासून तळापर्यंतचा सरासरी वेगही चालेल असा समज होतो. प्रत्यक्षात वरची खूण पृष्ठभागापासून काही सेंटिमीटर खाली आणि खालची खूण तळापासून काही सेंटिमीटर वर असते. ही मांडणी कृती विभागात येते, तिचे कारण मात्र v च्या व्याख्येत आहे.

g हे प्रयोगस्थळाचे गुरुत्व त्वरण, मीटर प्रति सेकंद वर्गमध्ये. ते मोजलेले नसून स्वीकारलेले मूल्य आहे, असे नमूद करावे.

η हे चिन्ह सर्वांत दुर्लक्षित राहते. 'η म्हणजे श्यानता' असे लिहिणे म्हणजे एका अपरिचित शब्दाऐवजी दुसरा ठेवणे. द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना त्यांच्यात स्पर्शीय बल निर्माण होते. एकक क्षेत्रफळावरील या बलास, थरांना लंब दिशेने वेग ज्या दराने बदलतो त्या दराने भागल्यास श्यानता गुणांक मिळतो. त्याचे एकक पास्कल-सेकंद. जुन्या पुस्तकांतील पॉइज हे एकक याचा दहावा भाग आहे. ग्लिसरीनसारख्या द्रवाची श्यानता तापमान एका अंशाने वाढल्यास साधारण आठ टक्क्यांनी घटते. म्हणून 'प्रयोगाच्या वेळच्या तापमानाला असलेली श्यानता' हे शब्द व्याख्येचा भाग ठरतात. तापमान न नोंदवलेले उत्तर कोणत्याही प्रमाण मूल्याशी ताडून पाहता येत नाही.

एककांची पडताळणी याच ठिकाणी दोन ओळींत करता येते. उजव्या बाजूची एकके एकत्र केल्यास किलोग्रॅम प्रति मीटर प्रति सेकंद मिळतात आणि तेच पास्कल-सेकंद होय. जुळणी झाली नाही तर सूत्र उतरवताना एखादा घात सुटला आहे.

मर्यादा हाही सिद्धांतच

स्टोक्सचा नियम तीन गृहीतांवर उभा आहे. गोळीभोवतीचा प्रवाह मंद आणि थराथराने वाहणारा असावा, द्रव सर्व बाजूंनी अमर्याद पसरलेला असावा आणि गोळीच्या पृष्ठभागाला लागून असलेला द्रव गोळीबरोबरच सरकत असावा. प्रत्येक गृहीत प्रयोगशाळेत कितपत खरे आहे, हे सिद्धांत विभागाने सांगायला हवे.

पहिल्या गृहीताची कसोटी रेनॉल्ड्स अंक ही आहे. द्रवाची घनता, गोळीचा वेग आणि गोळीचा व्यास यांच्या गुणाकारास श्यानतेने भागल्यास हा एककरहित अंक मिळतो. तो एकपेक्षा पुष्कळ लहान असेल तरच नियम लागू पडतो. हीच गोळी पाण्यात सोडल्यास हा अंक शेकड्यांच्या पलीकडे जातो. म्हणूनच या प्रयोगासाठी ग्लिसरीन किंवा एरंडेल तेल वापरतात.

दुसरे गृहीत नळकांड्यात कधीच पूर्णतः खरे नसते. गोळी खाली जाताना बाजूला सारलेल्या द्रवाला भिंत आणि गोळी यांच्यामधून वर यावे लागते; त्यामुळे गोळी अमर्याद द्रवातील वेगापेक्षा हळू पडते आणि श्यानता प्रत्यक्षाहून अधिक येते. गोळी नळकांड्याच्या अक्षावरून पडत असेल आणि r हे R च्या मानाने लहान असेल, तर सूत्राने मिळालेल्या श्यानतेस (1 − 2.1 r/R) ने गुणून ही त्रुटी बऱ्याच अंशी दूर होते.

तिसरे गृहीत द्रवांत निर्धास्तपणे स्वीकारता येते. वायूत पडणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांच्या बाबतीत मात्र ते ढासळते, कारण थेंबाचा आकार वायूच्या रेणूंच्या दोन टकरींमधील सरासरी अंतराच्या जवळ येतो.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, गोळीचा व्यास २.०० मिलिमीटर, म्हणजे r = ०.००१०० मीटर आहे. पोलादाची घनता ७८०० आणि ग्लिसरीनची १२६० किलोग्रॅम प्रति घनमीटर, नळकांड्याची आतील त्रिज्या २० मिलिमीटर आणि तापमान २५ अंश सेल्सिअस आहे. दोन खुणांमधील २०.० सेंटिमीटर अंतर गोळी १४.७ सेकंदांत पार करते. यावरून v = ०.०१३६ मीटर प्रति सेकंद. g = ९.८ घेऊन सूत्रात मूल्ये ठेवल्यास η = १.०५ पास्कल-सेकंद मिळते.

आता भिंतीचा परिणाम पाहू. r/R = ०.०५ असल्याने दुरुस्तीचा गुणक ०.८९५ येतो आणि श्यानता ०.९४ पास्कल-सेकंद होते. शुद्ध ग्लिसरीनची २५ अंशांची श्यानता याच्या जवळपास आहे. म्हणजे दुरुस्ती न करणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर दहा टक्क्यांहून अधिक चुकले असते आणि स्टॉपवॉच कितीही अचूक असले तरी ही चूक निघाली नसती. रेनॉल्ड्स अंक सुमारे ०.०४ येतो, तेव्हा पहिले गृहीत सुरक्षित आहे. व्यासालाच त्रिज्या मानले असते तर प्राथमिक उत्तर ४.२ च्या आसपास आले असते. असा चौपटीचा फरक दिसताच r ची व्याख्या पुन्हा वाचावी.

अंतिम वेग खरोखर साधला होता का, हेही याच आकड्यांवरून कळते. गोळीच्या गतीच्या समीकरणात 2r²ρ/9η ही राशी काळाच्या एककात येते. वेग स्थिर होण्यास लागणाऱ्या काळाचा अंदाज तिच्यावरून मिळतो. येथे ती सुमारे दोन मिलिसेकंद आहे. वरची खूण येईपर्यंत समतोल कधीच साधलेला असतो.

वेगवेगळ्या त्रिज्यांच्या गोळ्या घेतल्यास सिद्धांताची आणखी एक कसोटी मिळते. v आणि r² यांचा आलेख आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा यावा, असे सूत्र सांगते. मोठ्या गोळ्यांचे बिंदू रेषेच्या खाली झुकू लागले तर भिंतीचा परिणाम वाढत आहे किंवा रेनॉल्ड्स अंक मर्यादेबाहेर जात आहे, असे समजावे. हा अपेक्षित आलेख सिद्धांत विभागात आधीच सांगितला असेल तर निष्कर्ष विभागाला ताडून पाहण्यासाठी आधार मिळतो.

एका चिन्हाची किंमत

चिन्हाचे मूल्य कोठून आले हे का लिहावे, याचे उत्तर याच समीकरणाच्या इतिहासात आहे. शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट मिलिकन यांनी हवेत पडणाऱ्या तेलाच्या थेंबांना स्टोक्सचा नियम लावून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. अतिसूक्ष्म थेंबांसाठी नियम अपुरा पडतो हे ओळखून त्यांनी त्यात दुरुस्तीचे पदही जोडले. १९१३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले मूल्य आजच्या एककांत १.५९२ × १०⁻¹⁹ कुलोम होते. आजचे स्वीकृत मूल्य १.६०२ × १०⁻¹⁹ कुलोम आहे. सुमारे ०.६ टक्क्याच्या या फरकाचे मुख्य कारण त्यांनी वापरलेले हवेच्या श्यानतेचे मूल्य किंचित कमी होते, हे ठरले. त्यांच्या सूत्रात विद्युतभार हा η च्या दीड घाताच्या प्रमाणात येतो. म्हणून श्यानतेतील ०.४ टक्क्याची चूक विद्युतभारात ०.६ टक्क्याची होते. १९३० च्या सुमारास क्ष-किरणांच्या साहाय्याने काढलेल्या मूल्याशी हा आकडा जुळेना, तेव्हा हवेची श्यानता पुन्हा मोजली गेली आणि दोष सापडला. कोणते मूल्य कोठे वापरले हे लेखनात स्पष्ट होते, म्हणूनच जुनी निरीक्षणे न टाकता उत्तर दुरुस्त करता आले.

लिहून झालेला विभाग कसा दिसावा

वरील सर्व मुद्दे एकत्र केल्यास सिद्धांत विभाग उत्तरपत्रिकेच्या एका पानात बसतो. त्याचा नमुना असा :

'श्यान द्रवात पडणारी लहान गोळी अल्पावधीत स्थिर वेग प्राप्त करते. या स्थितीत गोळीचे वजन हे उत्प्लावक बल आणि श्यान अवरोधक बल यांच्या बेरजेइतके असते. मंद प्रवाहासाठी स्टोक्सच्या नियमानुसार अवरोधक बल 6πηrv इतके असते (गुणांक 6π स्वीकारलेला आहे). बलांच्या समतोलावरून η = 2r²(ρ − σ)g / 9v हे सूत्र मिळते. येथे η हा प्रयोगाच्या तापमानाला द्रवाचा श्यानता गुणांक (पास्कल-सेकंद). r ही गोळीची त्रिज्या, मोजलेल्या व्यासाच्या निम्मी (मीटर). ρ आणि σ या अनुक्रमे गोळीच्या पदार्थाची व द्रवाची घनता (किलोग्रॅम प्रति घनमीटर). g हे गुरुत्व त्वरणाचे स्वीकृत मूल्य (मीटर प्रति सेकंद वर्ग). आणि v हा दोन खुणांमधील अंतर L व त्यासाठी लागलेला काळ t यांच्या भागाकाराने मिळणारा अंतिम वेग (मीटर प्रति सेकंद). सूत्रानुसार v हा r² च्या समप्रमाणात असावा. रेनॉल्ड्स अंक एकपेक्षा पुष्कळ लहान असेल तरच हे सूत्र लागू पडते. R इतक्या आतील त्रिज्येच्या नळकांड्यातील भिंतीच्या परिणामासाठी मिळालेल्या η ला (1 − 2.1 r/R) ने गुणले आहे.'

या परिच्छेदातील कोणत्याही चिन्हावर बोट ठेवले तरी त्याची वाट एखाद्या उपकरणापर्यंत, एखाद्या स्वीकृत मूल्यापर्यंत किंवा शोधावयाच्या उत्तरापर्यंत पोहोचते. अहवाल पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्याने आकडेमोडीतील चिन्हांची यादी करावी आणि प्रत्येकाची व्याख्या सिद्धांतात सापडते का, हे पाहावे. तसेच सिद्धांतातील प्रत्येक चिन्ह पुढे कोठेतरी वापरले गेले आहे का, हेही पाहावे. पहिल्या तपासणीत न सापडलेले चिन्ह व्याख्येवाचून राहिले आहे आणि दुसऱ्या तपासणीत न सापडलेले चिन्ह पुस्तकातून नकळत उतरले आहे, असे समजावे.